कैरीच्या लोणच्यावर पांढरा थर आलाय: टाकायचं की वाचवायचं?

पाऊलवाट

नमस्कार. यंदा पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय कैरीचं लोणचं घातलं आणि आज, अठराव्या दिवशी, बरणी उघडली तर वर पांढरं. तेव्हापासून पोटात कालवाकालव होतेय.

काय केलं ते सांगते. २ किलो फोडी, धुऊन पुसून पंख्याखाली तासभर पसरलेल्या. मीठ २०० ग्रॅम. घरात रक्तदाबाचा त्रास आहे म्हणून आईच्या अंदाजापेक्षा कमीच घातलं. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट नेहमीचं. शेंगदाणा तेलाची ३०० मिलीची फोडणी पूर्ण गार करून ओतली. सगळं एका मोठ्या काचेच्या बरणीत भरलं, ती निम्मीच भरली. पाचव्या दिवशी त्यातलं थोडं रोजच्या वापरासाठी छोट्या बरणीत काढलं.

आता दोन्हींत पांढरं दिसतंय. सासूबाई म्हणतात बुरा आलाय, वरचं काढून टाक, खालचं चांगलं असतं. नवरा म्हणतो सगळं फेकून दे. कुणाचं ऐकू?

रानजाई

कमी मीठ म्हणजे हे होणारच. किलोला पाव किलो मीठ हवं, आमच्याकडे त्याच्या खाली कुणी जात नाही.

आजीचा_बटवा

अगं घाबरू नकोस. आम्ही वर्षानुवर्षं वरचा बुरा डावाने काढून बरणी दोन दिवस कडक उन्हात ठेवत आलो आहोत. उन्हाने सगळं मरतं. कुणाला कधी काही झालं नाही.

तिखटजाळ

आजी, उन्हाचं मला पटत नाही. त्यापेक्षा तेल धूर येईपर्यंत तापवायचं आणि गरमागरम वरून ओतायचं. तेलात जंतू जगत नाहीत, म्हणून तर लोणचं तेलात घालतात.

सूक्ष्मदर्शी

पाऊलवाट, अजून काही टाकू नका आणि काही ढवळूही नका. ढवळलं की पुरावा जातो. बरीच वर्षं खाद्यपदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे आधी चार गोष्टी विचारते.

पांढरं नेमकं कशावर आहे? मोकळ्या तेलावर, की तेलातून वर डोकावणाऱ्या फोडींवर आणि मसाल्यावर? दुसरं, खोलीतला दिवा बंद करून बॅटरीचा उजेड बरणीच्या बाजूने तिरका टाका आणि सांगा की ते सपाट आहे, की त्याला कापसासारखी लव आहे. तिसरं, वास. नाक बरणीत घालू नका, हाताने हवा आपल्याकडे ओढून घ्या. शेवटचं, झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आहेत का?

दोन्ही बरण्यांचं वेगवेगळं लिहा. एकाच दिवशी, एकाच मसाल्यात घातलेलं असलं तरी दोन्हीकडे एकच झालं असेल असं नाही.

खारट

माझ्याही लिंबाच्या लोणच्यात पांढरे ठिपके आले आहेत. बिनतेलाचं, उपासाचं आहे. बरणीच्या काठाशी आणि सालींवर रव्यासारखं लागतं हाताला. तेही फेकू का?

सूक्ष्मदर्शी

@खारट, रव्यासारखं लागतंय म्हणजे बहुतेक मीठ, नाहीतर साखर. रस आटला की काठाशी खडे जमतात. खात्री करायची तर चिमूटभर खरवडून चमचाभर कोमट पाण्यात टाका. मीठ-साखर विरघळून पाणी नितळ होईल. यीस्टचा पापुद्रा असेल तर तो विरघळत नाही, त्याच्या चिंध्या तरंगत राहतात.

ओवी

मला वाटतं फोडी मऊ पडल्या म्हणून असं होतं. कैरी कडक आणि आंबट असली पाहिजे. मी तर फोडींना आधी चुना लावून ठेवते, मग वर्षभर कुरकुरीत राहतात. किती चुना ते हवं असेल तर लिहिते.

उंबरठा

ओवी, प्रश्न पांढऱ्या थराचा आहे हो. पण चुन्याचं वेगळ्या धाग्यावर नक्की लिहा, मला हवंय.

सूक्ष्मदर्शी

ओवीताई, चुना मात्र या बरणीत नको. चुना आंबटपणा मारतो आणि कैरीच्या लोणच्याची निम्मी राखण आंबटपणाच करतो.

पाऊलवाट येईपर्यंत तिखटजाळ यांच्या मुद्द्याबद्दल लिहिते, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. तेलाने जंतू मरत नाहीत. तेल फक्त हवा अडवतं. खाली खारात यीस्ट असतातच, कैरीच्या सालीवरून येतात, आपल्या हातावरूनही येतात. पण पापुद्रा धरणाऱ्या यीस्टला आणि बुरशीला, दोघांनाही हवा लागते. वर तेलाचा थर अखंड असला की ते खाली गप्प पडून राहतात. एखादी फोड नखभर वर आली की ती त्यांच्यासाठी बेट होते: खालून ओल मिळते, वरून हवा. म्हणून मी विचारलं की पांढरं कशावर आहे. निव्वळ तेलावर यीस्ट धरत नाही, त्याला पाणी लागतं. मोकळ्या तेलावर पांढरं दिसत असेल तर एकतर खाली खार अगदी पृष्ठभागाशी आलाय, नाहीतर ते यीस्ट नाहीच.

गरम तेल ओतण्याचंही तसंच. वरची पातळ थराची जागा भाजेल, पण दोन बोटं खाली फोडी गारच राहतील. शिवाय काचेची बरणी तडकते, आणि गरम तेलाने आतल्या ओलीची वाफ झाकणाला धरून थेंब खाली पडतात, म्हणजे आपणच पाणी घातल्यासारखं.

आजीचा_बटवा

मग ऊन?

सूक्ष्मदर्शी

आजी, तुम्ही बरणीवर काय ठेवता उन्हात? झाकण की दादरा?

आजीचा_बटवा

दादराच. झाकण लावून कोण ठेवतं उन्हात? पातळ मलमलीचं फडकं, सुतळीने बांधलेलं. संध्याकाळी बरणी घरात आणायची आणि पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

सूक्ष्मदर्शी

बघा, म्हणूनच तुमचं लोणचं टिकत आलंय. दादऱ्यातून वाफ निघून जाते, वरची ओल सुकते, मसाला जरा कोरडा होतो. हे उन्हाचं खरं काम. ऊन काचेतून आणि तेलातून आत जाऊन जंतू मारतं असं नाही. लोक वाचतात फक्त 'उन्हात ठेवा' आणि झाकण घट्ट लावून ठेवतात, मग आत घाम सुटतो.

पाऊलवाट

बॅटरीने बघितलं. मला वाटलं होतं दोन्ही सारखंच आहे, पण अजिबात सारखं नाही.

मोठी बरणी: मधोमध चार-पाच फोडी तेलाच्या वर आहेत. त्यांच्यावर आणि मधल्या मसाल्यावर पातळ पांढरा थर आहे, अगदी दुधावरच्या सायीसारखा, थोडा सुरकुतलेला. कडेला जिथे तेल दिसतंय तिथे काही नाही. लव नाही, सपाट आहे. बरणी हलवली तर थर सुरकुततो पण तुटत नाही. वास आंबूस, इडलीचं पीठ जरा जास्त आंबल्यावर येतो तसा. झाकणाला आतून थेंब आहेत. आणि हो, मी चार दिवसांपूर्वी ती उन्हात ठेवली होती. झाकण लावून.

छोटी बरणी: यात तेल जवळजवळ दिसतच नाही. एक फोड काचेला वर चिकटलेली आहे, तिच्यावर रुपयाहून लहान गोल ठिपका आहे, मऊ कापसासारखा, मधे हिरवट. उजेड तिरका टाकल्यावर केस स्पष्ट दिसतात. आणखी दोन छोटे पांढरे गोळे खालच्या मसाल्यावर आहेत. वास कुबट, बंद कपाटासारखा.

उंबरठा

छोटी बरणी वाचूनच कळलं. ती गेली.

सूक्ष्मदर्शी

हो, छोटी गेली. फार छान बघितलंत तुम्ही, आता सांगणं सोपं आहे.

छोट्या बरणीत बुरशी आहे. गोल, उंच वाढलेली, लव असलेली आणि मधून रंग धरणारी. बुरशी कोवळी असताना पांढरीच असते, बीजाणू धरायला लागले की हिरवी, निळी, काळी होते. म्हणजे 'पांढरं आहे, हिरवं नाही, मग चालेल' हा हिशोब चुकीचा. रंगापेक्षा पोत बघायचा. खालचे दोन पांढरे गोळे ही त्याच बुरशीची पोरं.

मोठ्या बरणीत यीस्टचा पापुद्रा दिसतोय. सपाट, मळकट पांढरा, सायीसारखा सुरकुतणारा, वास आंबूस. तो सहसा विषारी नसतो. पण निरुपद्रवी म्हणून तसाच ठेवायचाही नाही, कारण हे यीस्ट खारातलं आम्लच खातं. आम्ल कमी झालं की लोणचं मवाळ होतं आणि आज ज्यांना तिथे जगता येत नाही त्यांना उद्या येतं. पापुद्रा आधी, बुरशी मागून, असा क्रम पुष्कळदा दिसतो.

रानजाई

थांबा थांबा. आमच्याकडे तिन्हीला बुराच म्हणतात. काठावरचं मीठ, साय, कापूस, सगळं बुरा.

सूक्ष्मदर्शी

आमच्याकडेही. म्हणून तर पाऊलवाटच्या सासूबाईही बरोबर आणि नवराही बरोबर. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे साय आहे, नवऱ्याच्या डोळ्यांपुढे कापूस.

मुक्काम_पोस्ट

छोट्या बरणीतली ती एक फोड आणि आजूबाजूचं चमचाभर काढून बाकी का खाऊ नये? आमचे वडील चीजवरची बुरशी कापून टाकून बाकीचं खातात. एवढ्या मेहनतीचं लोणचं टाकायचं जिवावर येतं.

सूक्ष्मदर्शी

कडक चीज घट्ट असतं, बुरशीला आत शिरायला वेळ लागतो, म्हणून भोवतालचा इंचभर भाग कापून टाकून बाकीचं खाता येतं. लोणच्याचा मसाला ओला आणि सैल. आपल्याला दिसतो तो वरचा कापूस, त्याचे धागे खाली मसाल्यात किती गेलेत ते डोळ्याला दिसत नाही. काही बुरश्या विषारी द्रव्यं सोडतात आणि ती साध्या उकळण्याने जात नाहीत. तुमच्या बरणीतली बुरशी त्यातली आहे की नाही हे घरी बसून मला किंवा तुम्हाला कळणार नाही. पावशेर लोणच्यासाठी मी तो धोका घेत नाही.

मुक्काम_पोस्ट

पटतंय, पण पूर्ण नाही. पिढ्यान् पिढ्या लोक काढून खात आले. प्रत्येक बरणी टाकली असती तर कुणाच्या घरी लोणचं उरलं नसतं.

सूक्ष्मदर्शी

तुमचं म्हणणं समजतं. माझ्या आईनेही काढून खाल्लंय. मी माझ्या मुलांना देणार नाही, एवढंच सांगू शकते.

पाऊलवाट

छोटी बरणी टाकली. बाहेर नेऊन, पिशवीत बांधून. वाईट वाटलं. पण एक प्रश्न आहे: एकाच मसाल्याचं लोणचं, मग एकीत बुरशी आणि एकीत यीस्ट असं का?

सूक्ष्मदर्शी

छोटी बरणी रोज उघडत होतात ना? वाढताना फोडीबरोबर काय यायचं?

पाऊलवाट

खार आणि तेल. नवऱ्याला वरचं लाल तेल पोळीला लावून खायला आवडतं.

उंबरठा

चोर सापडला!

सूक्ष्मदर्शी

अगदी. रोज दोन चमचे तेल गेलं, फोडी मात्र त्या मानाने कमी गेल्या. पाच-सहा दिवसांत पातळी फोडींच्या खाली गेली. त्यात चमचा वर घेताना काचेला मसाला माखतो, एखादी फोड वरच चिकटून राहते. ती ना तेलात, ना खारात. वरून मीठही निथळून जातं. बुरशीचे बीजाणू हवेतून रोज आत पडतच असतात, त्यांना अशीच जागा हवी असते. काचेला चिकटलेल्या फोडीवरच पहिला ठिपका आला हे मुद्दाम लक्षात घ्या.

मोठ्या बरणीत गोष्ट वेगळी झाली. ती तुम्ही उघडली नाहीत म्हणून बुरशीचं बी कमी पडलं. पण मीठ कमी, त्यामुळे खार आंबायला लागला, वायू सुटला आणि बुडबुड्यांनी फोडी वर ढकलल्या. दुसरीकडे मोहरीची डाळ आणि मेथी पहिले दोन आठवडे तेल पिऊन फुगतात, तेल खाली बसतं. फोडी वर आल्या, तेल खाली गेलं, बेट तयार. त्यावर झाकणाचे थेंब पडले. थेंब पडेल तिथे मीठ पातळ होतं. म्हणून थर मधोमध आहे, कडेला नाही.

तिखटजाळ

म्हणजे ३०० मिली तेल कमी पडलं. किती घालायला हवं होतं?

सूक्ष्मदर्शी

किलोला किती हे सांगून उपयोग नाही, बरणीवर ठरतं. पाऊलवाट, बरणी आतून किती रुंद आहे?

पाऊलवाट

पट्टीने मोजली. १५ सेंटिमीटर.

सूक्ष्मदर्शी

मग हिशोब करू. फोडींच्या वर निदान १ सेंटिमीटर तेल हवं, बोटाच्या जाडीएवढं. १५ सेंटिमीटर रुंद बरणीत एवढा थर द्यायला जवळजवळ १८० मिली तेल नुसतं वर लागतं. मसाल्याने प्यायलेलं आणि फोडींच्या फटीत गेलेलं वेगळं. तेच लोणचं ९ सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या बरणीत भरलं असतं तर वरच्या थराला ६५ मिलीच्या आसपास तेल पुरलं असतं. रुंद बरणी निम्मी भरून ठेवणं म्हणजे तेलही जास्त आणि वर हवाही जास्त.

जुन्या चिनी मातीच्या बरण्या उभ्या आणि तोंडाशी अरुंद असतात, ते उगाच नाही.

रानजाई

मी पहिला आठवडा रोज सकाळी कोरड्या डावाने फोडी खाली दाबते. बुडबुडे वर येतात आणि तेल परत वर येतं. आठव्या दिवशी जेवढं कमी वाटेल तेवढं तेल तापवून, गार करून घालते. ताई म्हणतात तेच नकळत करत होते म्हणायचं.

सूक्ष्मदर्शी

तेच करत होतात. पहिल्या दिवशीची पातळी खोटी असते. आठ-दहा दिवसांनी जी दिसते ती खरी.

पाऊलवाट

मग मोठ्या बरणीचं करू काय? सांगाल तसं करते.

सूक्ष्मदर्शी

मी काय केलं असतं ते लिहिते. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना मात्र हे देऊ नका.

आधी बॅटरीने पुन्हा एकदा काठाकाठाने बघा. एक जरी केसाळ ठिपका असेल तर पुढचं वाचू नका, छोट्या बरणीसारखंच करा. नसेल तर कोरड्या चमच्याने पापुद्रा न ढवळता उचला. पापुद्र्याखालच्या त्या चार-पाच फोडी आणि बोटभर मसालाही काढून टाका. मग खालची एक फोड चाखून बघा. आंबट-खारट खणखणीत लागली पाहिजे, फोड बोटाने दाबल्यावर ताठ हवी. बुळबुळीत झाली असेल किंवा आंबटपणा गेला असेल तर तिथेच थांबा.

चव ठीक असेल तर मीठ वाढवा. समजा १.४ किलोच्या आसपास फोडी उरल्या. किलोला १०० ग्रॅम पडलंय, ते १८० पर्यंत न्यायचं म्हणजे ११० ग्रॅम मीठ आणखी. कोरड्या कढईत परतून, गार करून, मिसळून घ्या. अरुंद, उकळत्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवलेल्या बरणीत दाबून भरा, काचेची आतली बाजू आणि काठ स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, वर तापवून पूर्ण गार केलेलं तेल. ही एकदा बिघडलेली बरणी आहे, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा.

मुक्काम_पोस्ट

पण मीठ कमी ठेवण्याचं कारण रक्तदाब होतं ना? मग परत वाढवायचं?

सूक्ष्मदर्शी

बरणीत मीठ पुरेसं हवं, ताटात लोणचं कमी वाढायचं. कमी मिठाचंच हवं असेल तर थोडं घालून पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. कमी मिठाचं लोणचं वर्षभर बाहेर ठेवायचा हट्ट मी करणार नाही.

रानजाई

१८० पण कमीच आहे. मी २५० च्या खाली जाणार नाही, फ्रीज असो नसो.

ओवी

मी १५० घालते आणि वर्षभर बाहेर टिकतं. कैरी मात्र दाताला कळ येईल इतकी आंबट घेते.

सूक्ष्मदर्शी

दोघीही खरं सांगत असाल. कैरीचा आंबटपणा, मोहरी किती ताजी आणि झणझणीत, तेल किती, यावर मिठाची गरज हलते. मोहरीचा तो नाकात जाणारा झणका बुरशीला आवरतो. डाळ जुनी होऊन झणका गेला की तेवढी मदत कमी. पाऊलवाटचं मीठ कमी, तेल कमी, वर थेंब पडलेले, तिन्ही एकदम झालं. त्यातलं एक सांभाळलं असतं तर थर आलाच नसता का, ते मी ठामपणे सांगू शकत नाही.

उंबरठा

लसणाच्या लोणच्यालाही हेच लागू का? आमच्याकडे ते जास्त खपतं.

सूक्ष्मदर्शी

लसणाबाबत जास्त जपा. कैरी स्वतः आंबट असते, लसूण नसतो. तेलाखाली हवा नाही आणि आंबटपणाही नाही, अशा ठिकाणी वाढणारा जंतू वर काहीच पांढरं दाखवत नाही आणि त्याचं विष फार घातक असतं. त्यामुळे लसणात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं, आणि बरणी फ्रीजमध्येच. तिथे 'वर थर नाही म्हणजे चांगलं' असं अजिबात समजू नका.

उंबरठा

हे माहीत नव्हतं. आजच बरणी आत ठेवते आणि लिंबू पिळते.

सूक्ष्मदर्शी

लसूण बाहेर किती दिवस होता आणि त्यात आंबट काही होतं का?

उंबरठा

महिनाभर. आंबट काहीच नाही, नुसतं तेल-मीठ-तिखट.

सूक्ष्मदर्शी

मग आता वरून लिंबू पिळू नका, ती टाकून द्या. आधीच काही झालं असेल तर लिंबाने ते परत फिरत नाही. पुढचं घालताना पहिल्याच दिवशी आंबट करा.

पाऊलवाट

सगळं तसंच केलं. कुठेही लव नव्हती, तीनदा बघितलं. खालच्या फोडी ताठ आणि आंबट होत्या. काढून टाकलेलं दीड वाटीभर झालं. उरलेलं दोन उभ्या बरण्यांत मावलं. तेल १५० मिली आणखी लागलं, दोन्हीकडे फोडींच्या वर बोटभर आहे. पातळी कळावी म्हणून बाहेरून चिकटपट्टी लावून रेघ मारली आहे.

आजीचा_बटवा

शाब्बास पोरी. रेघेची कल्पना आवडली, मीही मारते.

पाऊलवाट

(पाच दिवसांनी) सूक्ष्मदर्शी, आहात का? फ्रीजमधून बरणी काढली आणि परत पांढरं! या वेळी सगळ्या तेलावर. एकसारखं, धुरकट, जाडसर. चमचा रुतला. रडू येतंय.

खारट

रडू नका. शेंगदाणा तेल आहे ना? माझंही थंडीत असंच गोठतं. बरणी बाहेर ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा.

सूक्ष्मदर्शी

खारट यांनी बरोबर सांगितलं. मोकळ्या तेलावर एकसारखं आलं म्हणजे ते जिवंत काही नाही, तेलच गारठलंय. झाकण न उघडता बाहेर ठेवा, म्हणजे बाहेरच्या हवेची ओल आत थंड तेलावर धरणार नाही.

पाऊलवाट

चाळीस मिनिटांनी सगळं परत लालभडक आणि नितळ! खारट, खूप आभार. तेल रेघेच्या किंचित खाली आहे, तांदळाच्या दाण्याएवढं.

सूक्ष्मदर्शी

मसाल्याने प्यायलं असेल. गार तेल घालून रेघेपर्यंत आणा. आणि पोळीला लावायला वेगळी वाटी करा, त्यात फोडणीचं लाल तेल काढून ठेवा.

पाऊलवाट

ती लगेच केली. नवऱ्याच्या ताटाशेजारी असते, बरणीला हात लावायचा नाही असं सांगितलंय. आता बरण्या बदलून वीस दिवस झाले, दर दोन दिवसांनी बॅटरी मारून बघते. अजून तरी स्वच्छ आहे. रानजाई, पुढच्या वर्षी किलोला २०० घालू की २५०?

रानजाई

२५०. आणि बरणी उभी घे.

ओवी

१५०, पण कैरी माझ्यासारखी आंबट निवडून.